‘जाग्रति’ एकवचन की अनेकवचन? गण पाठ करावेत की नाही?

नवशिकी: गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ६९वा श्लोक वाचतेय. ‘तस्यां जागर्ति संयमी’ कळलं. पुढे ‘यस्यां जाग्रति भूतानि’. भूतानि अनेकवचन, मग क्रियापद ‘ति’वर का संपतं? गण पाठ नसल्याचा हा परिणाम का?

दप्तरवाला: गण पाठ करण्यात वेळ घालवू नका. शेवट बघायचा: ति म्हणजे एक, अन्ति म्हणजे अनेक. इथे वृत्तासाठी ‘न’ गाळलाय.

जुनी वही: वृत्तासाठी नाही हो. ‘जाग्रन्ति’ घातलं तरी अनुष्टुभाचं काही बिघडत नाही, कारण ‘ग्र’ हे चरणातलं चौथं अक्षर आणि तिथे गुरू चालतो. म्हणजे कवीला अडचणच नव्हती. रूपच ‘जाग्रति’ आहे: जागर्ति, जागृतः, जाग्रति. तिसऱ्या गणात धातू दुणावतो, तिथे अनेकवचनाचा न् जातो. ददति, जुह्वति, बिभ्यति बघा. चौथ्या अध्यायात ‘उपजुह्वति’ येतं, तिथेही कर्ते अनेकच आहेत.

दप्तरवाला: मग जागृ तिसऱ्या गणातला? बघा, गण पाठ करायलाच हवेत म्हणताय!

जुनी वही: तीच तर गंमत. जागृ दुसऱ्या गणातला. नुसता गण पाठ असणारा ‘यान्ति’सारखं ‘जाग्रन्ति’च करेल. पण जागृ, शास्, दरिद्रा असे मोजके धातू व्याकरणकारांनी दुणावलेल्यांत धरलेत, म्हणून शासति, दरिद्रति. गण उपयोगी आहे, पण इथे त्याने काम भागत नाही.

सातवी ब: आम्हाला शाळेत पहिला, चौथा, सहावा, दहावा एवढेच गण होते. सगळीकडे ‘अन्ति’. कॉलेजात ‘ददति’ एकवचन समजून भाषांतर केलं आणि पेपरभर लाल शाई.

आळंदीकर: मूळ मुद्दा रात्र म्हणजे अज्ञान की ज्ञान हा आहे, ति-अन्ति नव्हे.

नवशिकी: अर्थ नंतर बघते, काका. ‘जाग्रति’ हे ‘जागणाऱ्यात’ अशी सप्तमी असू शकेल का? ‘गच्छति’ची असते तशी.

जुनी वही: रूप तसं होतं, शंका रास्त आहे. पण जोडायचं कशाला? ‘यस्यां’ स्त्रीलिंगी, तिच्याशी ‘जाग्रत्याम्’ लागलं असतं. आणि ती सप्तमी धरली तर ‘भूतानि’ला क्रियापदच उरत नाही. कर्ता आधी शोधा, शेवट मग बघा.

दप्तरवाला: म्हणजे गण न शिकताही सुटलं की!

जुनी वही: इथे कर्ता ‘भूतानि’ शेजारीच होता म्हणून. कर्ता अध्याहृत असता आणि समोर नुसतं ‘ददति’ असतं, तर?

दप्तरवाला: मागचा-पुढचा श्लोक बघेन.

सातवी ब: परीक्षेत तो छापलेला नसतो.