घाटेअळीची अंडी कधी फुटतील? डिग्री-डेचा हिशोब दोन ठिकाणी दोन येतोय, मदत हवी आहे

वावर_मंगरूळपीर · १२ डिसेंबर, रात्री

नमस्कार मंडळी. सोयाबीन निघाल्यावर पेरलेला हरभरा आता फुलावर आला आहे. वावरात दोन एकराला चार कामगंध सापळे आहेत. ८ तारखेच्या रात्री सापळ्यांत एकदम पतंग वाढले आणि ९ ला सकाळी शेंड्यांवर पांढरी, खसखशीएवढी ताजी अंडी दिसली. घाटेअळीचा विषाणू (एचएएनपीव्ही) आणून ठेवला आहे. बाटली स्वस्त नाही, म्हणून नेमकी अळी बाहेर पडताना फवारायचा आहे.

एका प्रशिक्षणात डिग्री-डेची पद्धत सांगितली होती. अंड्यासाठी १०.५ अंशांच्या वरची उष्णता रोज मोजायची आणि बेरीज ५१ झाली की अंडं फुटतं. माझ्या नोंदी अशा, आधी किमान, मग कमाल:

९ डिसेंबर: १३, २९
१० डिसेंबर: १२, २८
११ डिसेंबर: १०, २८
१२ डिसेंबर: ८, २७

थंडी वाढणार असा अंदाज आहे. १३ आणि १४ ला ७ व २६, १५ ला ८ व २७ धरून चाललो आहे. माझ्या हिशोबाने १५ तारीख येते. चुलतभावाचं वावर लागूनच आहे, त्याच्या थर्मामीटरवर १३ येते. त्याचं थर्मामीटर मोटरीच्या खोलीत टिनाखाली टांगलंय, माझं कडुनिंबाच्या सावलीत. किमान दोघांचं सारखंच, कमाल मात्र त्याचं रोज चारेक अंशांनी जास्त. खरं कोणाचं? आणि फवारा कधी मारू?

---

धुऱ्यावरचा_बंड्या

भाऊ, एवढं गणित काहून करता? अंडं दिसलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी अळी निघते, हे आमच्या बापजाद्यापासून माहीत हाय. म्हंजे आजच निघाली असन. उद्या सकाळीच मारून टाका फवारा, नाहीतर घाटे पोखरल्यावर बोंबलत बसान.

---

गणिताचे_सर_यवतमाळ

वावर भाऊ, तुमच्या पद्धतीत एक गोष्ट राहिली आहे. किमान तापमान १०.५ च्या खाली गेलं की त्या जागी १०.५ च धरायचं असतं, कारण त्याखाली वाढ शून्य, उणे नाही. म्हणजे १३ तारखेला ७ ऐवजी १०.५ धरा: (२६ + १०.५) / २ − १०.५ = ७.७५. तुम्ही सरळ सरासरी काढली असेल तर तुम्हाला ६ मिळाले असणार. असं मोजलं की बेरीज १४ तारखेलाच ५२.५ होते. मक्याच्या उष्णता एककांना हीच रीत वापरतात.

---

पांढरंसोनं_वणी

चांगला धागा. मला कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठी हेच करायचं आहे. जानेवारीपासून बेरीज धरली तर जूनमध्ये पतंग कधी निघतील ते कळेल ना? मी मागच्या उन्हाळ्याचे आकडे टाकले तर बेरीज इतकी फुगली की मे महिन्यातच दोन पिढ्या व्हायला पाहिजेत असं दिसतं.

---

कीटकशास्त्र_अकोला

वावर भाऊ, तुमची १५ तारीख बरोबर आहे, पण सरांचा मुद्दाही अर्धा बरोबर आहे, म्हणून आधी तो.

रात्री तापमान ७ वर गेलं तर अंड्यातली वाढ थांबते, मागे जात नाही. सरळ सरासरीत ते थंड तास वजा होतात, म्हणून उत्तर थोडं कमी येतं. इथपर्यंत सर बरोबर आहेत. पण किमानाच्या जागी १०.५ टाकलं की आपण असं मानतो की तापमान पूर्ण चोवीस तास १०.५ ते २६ च्या मधेच फिरलं. प्रत्यक्षात १३ तारखेला ते साधारण साडेएकोणीस तासच १०.५ च्या वर असेल. म्हणून सरांचा आकडा जास्त येतो.

यातला बरा मार्ग त्रिकोणाचा आहे. तापमान किमानापासून कमालापर्यंत सरळ रेषेत चढतं आणि तसंच उतरतं असं समजा. १०.५ च्या वर जो त्रिकोण राहतो त्याचं क्षेत्रफळ म्हणजे त्या दिवसाचे डिग्री-डे. १३ तारखेचा त्रिकोण २६ − १०.५ = १५.५ उंच. दिवसाचा वरचा हिस्सा १५.५ / १९ = ०.८१६. दोघांचा गुणाकार करून निम्मा केला की ६.३२. सरासरीने ६, सरांच्या रीतीने ७.७५, हे ६.३२ सरासरीच्याच जवळ आहे. ज्या दिवशी किमान १०.५ च्या वर आहे त्या दिवशी सरळ सरासरी पुरते.

एक्सेलमध्ये किमान A2 आणि कमाल B2 मध्ये असेल तर:

```
=IF(A2>=10.5,(A2+B2)/2-10.5,(B2-10.5)^2/(2*(B2-A2)))
```

तुमच्या आकड्यांवर रोजचे डिग्री-डे आणि बेरीज:

| तारीख | त्या दिवसाचे | एकूण |
|---|---|---|
| ९ | १०.५ | १०.५ |
| १० | ९.५ | २०.० |
| ११ | ८.५ | २८.५ |
| १२ | ७.२ | ३५.७ |
| १३ | ६.३ | ४२.० |
| १४ | ६.३ | ४८.३ |
| १५ | ७.२ | ५५.५ |

म्हणजे पहिल्या तुकडीची अंडी १५ तारखेला फुटायला लागतील. आज १२ ला बेरीज जेमतेम ३६ आहे.

बंड्या भाऊंचे तीन-चार दिवस खोटे नाहीत, ते गरम दिवसांचे आहेत. ऑक्टोबरमध्ये किमान २० आणि कमाल ३२ असेल तर रोज १५.५ जमा होतात आणि ५१ व्हायला सव्वातीन दिवस लागतात. याच अंड्याला या थंडीत सात दिवस लागतात. उद्या सकाळी विषाणू फवारला तर तो खायला अळीच नसेल, आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी तो पानावरच निकामी होत जाईल.

टिनाचं म्हणाल तर पद्धतीच्या वादापेक्षा ते मोठं प्रकरण आहे. कमाल चार अंशांनी वाढलं की सरासरी दोनने वाढते, म्हणजे रोज दोन डिग्री-डे फुकट जमा. चुलतभावांची बेरीज सरळ सरासरीनेच १३ तारखेला ५१.५ होते. सूत्र बदलून एक दिवसाचा फरक पडला, टिनाने दोन दिवसांचा पाडला. कडुनिंबाचंच धरा. फक्त ते खोडाला चिकटून नको, वारा लागेल असं आणि छातीएवढ्या उंचीवर असू द्या.

---

वावर_मंगरूळपीर

ताई, खूप धन्यवाद. मग १५ ला संध्याकाळी मारू का?

---

कीटकशास्त्र_अकोला

एक दिवस थांबा. पतंग एकाच रात्री सगळी अंडी घालत नाही. १० ला घातलेल्या अंड्यांची बेरीज १५ ला ४५ होते, ती १६ ला फुटतील. ११ ची १७ ला. १७ ला संध्याकाळी फवारलं तर तिन्ही तुकड्यांच्या अळ्या लहानच सापडतील. थंडीत पहिल्या दोन दिवसांत त्या फार मोठ्या होत नाहीत. मात्र १६ आणि १७ ला किमान खरंच ९-१० राहिलं आणि कमाल २७-२८ गेलं तर. अंदाज चुकला की बेरीज बदला.

आणि कागदावर पूर्ण विसंबू नका. अंडी असलेल्या दहा-बारा शेंड्यांना लाल सुतळी बांधा आणि रोज सकाळी बघा. अंडं आधी पांढरं, मग पिवळसर, आणि फुटायच्या आदल्या दिवशी गडद होतं. ५१ हा आकडा प्रयोगशाळेत स्थिर तापमानावर काढलेला आहे, जपानमधल्या २००१ च्या अभ्यासातला. आपल्याकडचं तापमान दिवसाला वीस अंश वर-खाली होतं. सुतळीवाली अंडी कागदाच्या एक दिवस पुढे-मागे फुटली तर मी नवल करणार नाही.

पांढरंसोनं भाऊ, तुमचा प्रश्न वेगळा आहे. गुलाबी बोंडअळीच्या मोजणीत वरचीही मर्यादा लागते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात साधारण १२.८ खालची आणि ३० वरची धरतात. आपल्या मे महिन्यात कमाल ४४ असलं तरी ते ३० च धरायचं, म्हणून तुमची बेरीज फुगली. पण त्याहून मोठी अडचण अशी की पऱ्हाटीत आणि सरकीत राहिलेली अळी सुप्तावस्थेत असते. ती कधी जागी होईल हे फक्त उष्णतेवर नाही, ओलाव्यावर आणि दिवसाच्या लांबीवरही असतं. जानेवारीपासून मोजण्यात अर्थ नाही. कुठून मोजायचं यावर मी इथे ठाम काही सांगणार नाही, वेगळा धागा काढा.

---

गणिताचे_सर_यवतमाळ

ताई, त्रिकोण पटला. पण तापमान सरळ रेषेत चढत-उतरत नाही, लाटेसारखं फिरतं. मग साइन वक्र जास्त बरोबर नाही का?

---

कीटकशास्त्र_अकोला

आहे, आणि संगणकावर तोच वापरतात. पण या आकड्यांवर दोघांत दिवसाला डिग्री-डेच्या अपूर्णांकाएवढाच फरक पडेल. थर्मामीटर एक अंश चुकीचं दाखवत असेल तर त्याचा घोटाळा यापेक्षा मोठा.

---

धुऱ्यावरचा_बंड्या

ते ठीक हाय ताई. पण पतंग सापडला तो दिवस धरायचा की अंडं दिसलं तो? आमच्याकडे सापळ्यात पतंग पडतात आन वावरात अंडंच सापडत नाही कदी कदी.

---

कीटकशास्त्र_अकोला

भाऊ, हा खरा प्रश्न. सापळ्यात नरच पडतात. मादी कोषातून निघाल्यावर दोन-चार दिवसांनी अंडी घालते, आणि पतंग दुरूनही उडून येतात. अंडं दिसलं तो दिवस धरणं जास्त बरं, पण दिसलेलं अंडं आजचं की कालचं हे पांढऱ्या रंगावरून नेमकं कळत नाही. वावर भाऊंनी ९ ला सकाळी पाहिलं आणि पतंग आदल्या रात्री वाढले, म्हणून त्यांच्या बाबतीत मी ९ धरली. तुमच्याकडे नुसते पतंग आणि अंडी नाहीत, तर मोजणी सुरूच करू नका.

---

वावर_मंगरूळपीर · १७ डिसेंबर, सकाळी

सुतळी बांधलेल्या शेंड्यांवर १५ ला अंडी गडद झाली, पण अळी दिसली नाही. काल १६ ला बारीक अळ्या कोवळ्या पानाचा हिरवा भाग खरवडताना दिसल्या. काही अंडी अजून तशीच आहेत. किमान काल ९ होतं, कमाल २७. आज संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारतो. चुलतभावाने १४ लाच मारला, त्याच्या वावरात काय होतं ते पण बघतो.

एक विचारायचं राहिलं. परवापासून सापळ्यात पुन्हा पतंग वाढलेत. त्यांच्यासाठी वेगळी बेरीज धरायची की हीच पुढे न्यायची?

---

कीटकशास्त्र_अकोला

वेगळी. शून्यापासून, नवी अंडी दिसतील त्या दिवशी. आणि चुलतभावांना म्हणावं, थर्मामीटर आधी टिनाखालून काढा.