मदत हवी आहे: संवाद पूर्ण करताना शॅल की विल?

नमस्कार मंडळी. ऐरोलीत आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. सराव-संचातल्या एका संवादावर अडले आहे.

ठाणे स्टेशनवर आजी जड पिशवी घेऊन उभ्या आहेत. नातू म्हणतो, '___ आय कॅरी युअर बॅग?' इथे शॅलच, 'उचलू का?' असं तो आजींना विचारतोय. आजी म्हणतात, 'येस, प्लीज.' मग नातू, 'डोन्ट वरी, आय ___ बी केअरफुल.' हे वचन, म्हणून विल. तेवढ्यात गाडीची घोषणा होते आणि तो म्हणतो, 'ओह, आय ___ रन अँड गेट द टिकेट्स!' आधी ठरवलेलं नव्हतं, त्या क्षणी सुचलं, म्हणून पुन्हा विल. इथवर मुलांनाही पटतं.

घोळ पुढे आहे. नातू पिशवीकडे हात करून म्हणतो, 'आय ___ कॅरी इट फॉर यू.' उत्तरसूचीत शॅल आहे, कारण दिलंय 'मदतीची तयारी'. मला ते पटत नाही. तयारी आहेच, पण वाक्य प्रश्नार्थक नाही. रोजच्या इंग्रजीत अशा वेळी 'आयल कॅरी इट' म्हणतात, म्हणजे विल. मी मुलांना खूण सांगते की आय किंवा वी च्या आधी रिकामी जागा आणि शेवटी प्रश्नचिन्ह असेल, समोरच्याची संमती हवी असेल, तर शॅल. 'शॅल वी टेक द स्लो लोकल?' ही सूचनाही त्यातच बसते.

पेपर तपासणाऱ्यांनो, चौथ्या जागी विल लिहिलं तर गुण द्याल का?