स्लाइडवरचे ते 95 टक्के नेमके कशाचे?

दिंडोरीची विद्यार्थिनी

परवा विभागात सादरीकरण आहे. थॉमसन द्राक्षांच्या एका प्लॉटमधले 25 घड तोडून वजन केले. सरासरी 412 ग्रॅम, प्रमाण विचलन 60 ग्रॅम. 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल आला 387 ते 437. स्लाइडवर मी लिहिलं, 'प्लॉटची खरी सरासरी 387 ते 437 च्या मध्ये असण्याची शक्यता 95 टक्के आहे.' मॅडमनी या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि म्हणाल्या, विचार करून ये. चुकलं कुठे?

पंचवटीकर

सरासरीबद्दल लिहिलंस तिथेच चुकलं. घडांबद्दल लिही. शंभरातले 95 घड 387 ते 437 ग्रॅमचे भरतील, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे कारखान्यात सुट्या भागांच्या मापांना आम्ही असंच वाचतो.

नाशिकरोडचा मास्तर

नाही हो, हे वाचन तर तिच्या वाक्यापेक्षाही जास्त चुकीचं आहे, आणि बागेत महागात पडेल. तिचे आकडे घ्या. विचलन 60 ग्रॅम आहे. वजनं नेहमीसारखी मध्याभोवती पसरलेली असतील, तर 387 ते 437 या पट्ट्यात शंभरातले साधारण 32 घड बसतील. 95 घड बसवायचे तर पट्टा जवळजवळ 290 ते 530 असा धरावा लागेल. पेटी भरणाऱ्याला हवा असतो तो हा दुसरा पट्टा.

आता समजा तिने 25 ऐवजी 400 घड मोजले. इंटरव्हल आक्रसून 406 ते 418 होईल आणि त्यात शंभरातले जेमतेम 8 घड येतील. जास्त घड मोजल्याने बागेतले घड एकसारखे झाले नाहीत. फक्त सरासरी आपल्याला जास्त नेमकी कळली. इंटरव्हल सरासरीचा असतो, घडांचा नसतो.

पंचवटीकर

बरं, घडांचं मागे घेतो. मग असं म्हणा: याच प्लॉटमधून पुन्हा पुन्हा 25 घड तोडले, तर शंभरातल्या 95 वेळा नवी सरासरी 387 ते 437 मध्येच येईल. 'पुन्हा पुन्हा' हा शब्द तर पुस्तकातही असतो.

नाशिकरोडचा मास्तर

'पुन्हा पुन्हा' अगदी बरोबर, पण दर वेळी इंटरव्हलही नवा काढायचा असतो. तुम्ही 387 ते 437 ला खिळा मारून ठेवला. तिची 412 ही सरासरीसुद्धा खऱ्या सरासरीपासून थोडी सरकलेली असणार, आणि नवी सरासरी आपल्या परीने वेगळी सरकणार. दोघींचं सरकणं धरलं तर नवी सरासरी जुन्या इंटरव्हलमध्ये पडण्याचं प्रमाण 95 वर राहत नाही, 83-84 च्या आसपास येतं.

ताई, आता तुमच्या वाक्याकडे येतो. प्लॉटची खरी सरासरी हा एकच आकडा आहे, समजा 400. तो हलत नाही. हलतो तो आपला इंटरव्हल, कारण कोणते 25 घड हाती येतील ते ठरलेलं नसतं. 95 टक्के ही त्या रीतीची ख्याती आहे: घड तोडायचे, सरासरी काढायची, विचलनाला 25 च्या वर्गमुळाने भागायचं, तुमच्याकडे ते 12 येतं, आणि त्याच्या 2.064 पट दोन्ही बाजूंना सोडायचं. ही रीत हजारदा वापरली तर सुमारे 950 इंटरव्हल 400 ला पोटात घेतील आणि 50 हुकतील. तुमचा इंटरव्हल त्या 950 मधला की 50 मधला, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. आकडे हाती आल्यावर तो बरोबर तरी आहे किंवा चूक तरी. स्वतः चालवून पाहा:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(7)
x = rng.normal(400, 60, (10000, 25))
h = 2.064 * x.std(axis=1, ddof=1) / 5
print((abs(x.mean(axis=1) - 400) < h).mean())
```

उत्तर 0.95 च्या आगेमागे येईल.

गंगापूर रोड

मास्तर, तुमचं व्याकरण शुद्ध आहे, पण शेतकऱ्याला याचा काय उपयोग? त्याच्या हातात हजार इंटरव्हल नाहीत, एकच आहे. त्याला याच प्लॉटबद्दल ऐकायचंय. बेझच्या रीतीने, आधीची काहीच माहिती नाही असं धरून गणित केलं, तरी अशा सरासरीसाठी तेच 387 ते 437 येतं, आणि तिथे 'शक्यता 95 टक्के' म्हणायला पूर्ण मुभा आहे. आकडे तेच असतील तर लाल रेघ कशाला?

नाशिकरोडचा मास्तर

कारण 'आधीची काहीच माहिती नाही' हे तिने कुठे लिहिलंय? आणि ते खरं तरी आहे का? ज्या प्लॉटची सरासरी दर हंगामात 350 च्या आत राहिली, तिथे यंदा एका नमुन्यात 412 आली तर मी 95 टक्के पैज लावणार नाही. बेझची रीत वापरायची तर जुनी माहिती टेबलावर मांडा, मग शक्यता बोला. ती न मांडता तिचं फळ घेणं मला पटत नाही.

गंगापूर रोड

जुनी माहिती मांडावी, हे मान्य. पण रीत 95 टक्के वेळा बरोबर ठरते, तर एका वेळेसाठी 95 टक्के भरवसा ठेवणं मला अजूनही रास्तच वाटतं. इथे आपलं जमणार नाही.

मखमलाबादचा बागवाला

माझंही एक विचारतो. मी 40 घड तपासले, एकही सडका निघाला नाही. पुतण्याने टक्केवारीच्या इंटरव्हलचं नेहमीचं सूत्र लावलं, इंटरव्हल 0 ते 0 आला. म्हणजे बागेत सड नाहीच, असं व्यापाऱ्याला ठाम सांगू का?

नाशिकरोडचा मास्तर

दादा, सांगू नका. त्या सूत्रात पसारा तुमच्याच नमुन्यातून काढतात, आणि नमुन्यात शून्य आलं की पसाराही शून्य होतो. बागेत 100 मागे 7 घड सडके असले, तरी 40 घड स्वच्छ निघणं साधारण 5 टक्के वेळा घडतं. अशा वेळी 3 ला 40 ने भागा, 7.5 टक्के येतात. 'सड फार तर सात-साडेसात टक्के असेल' एवढंच बोलता येतं. त्या 0 ते 0 ला 95 टक्के हे नाव लावण्याचा हक्कच नाही.

ताई, यावरून एक विचारायचं राहिलं. 25 घड कसे निवडले?

दिंडोरीची विद्यार्थिनी

पाच वेली घेतल्या, प्रत्येकीचे पाच घड. वेलींच्या सरासऱ्या 352, 384, 406, 436 आणि 482. वेली चिठ्ठ्या टाकून काढल्या होत्या.

नाशिकरोडचा मास्तर

चिठ्ठ्या टाकल्या हे उत्तम. पण मग तुमच्याकडे सुटे 25 घड नाहीत. एका वेलीचे घड एकमेकांसारखे असतात, त्यांना पाणी, खत, ऊन सगळं एकच मिळतं. प्रत्येक वेलीची सरासरी हा एक आकडा धरा. पाच आकडे, त्यांचं विचलन सुमारे 50. त्याला 5 च्या वर्गमुळाने भागलं की 22. पाचच आकडे असल्यामुळे गुणक 2.064 राहत नाही, 2.776 होतो. इंटरव्हल येतो 350 ते 474.

पंचवटीकर

अरे बापरे. अधिक-उणे 25 होतं त्याचं 62 झालं?

नाशिकरोडचा मास्तर

हो. वेली इतक्या वेगळ्या असताना जुन्या रीतीने हजार इंटरव्हल काढले, तर 950 बरोबर येणारच नाहीत, बरेच जास्त हुकतील. वरच्या कोडमध्ये प्रत्येक घड सुटा धरलाय, म्हणून तिथे 0.95 दिसतं.

दिंडोरीची विद्यार्थिनी

म्हणजे वाक्यही बदलायचं आणि आकडेही. आता असं लिहिते: 'पाच वेलींवरून काढलेली सरासरी 412 ग्रॅम, 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 350 ते 474. ही रीत वारंवार वापरल्यास 95 टक्के इंटरव्हल खऱ्या सरासरीला सामावून घेतात.' उद्या सकाळी आणखी दहा वेलींचे घड तोडायला जातेय, या वेळी प्रत्येकीचे दोनच.