मदत हवी आहे: सात महिन्यांच्या लेकीला जॉगिंग स्ट्रोलरमध्ये घेऊन धावू का?

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्यात कमाटी बागेजवळ राहते. लेक आता सात महिन्यांची आहे. मान धरते, पण बसवलं की थोड्या वेळाने एका बाजूला कलते. स्ट्रोलरच्या पुस्तिकेत धावण्यासाठी किमान सहा महिने लिहिलंय, आमचे डॉक्टर मात्र आठ महिने होऊ द्या म्हणतात. मलाही तेच पटतं, कारण धावताना बसणारे हादरे बाळाच्या मानेला आणि पाठीला झेलावे लागतात.

म्हणून काल रिकामाच स्ट्रोलर घेऊन धावले. पुढचं चाक लॉक केलं, मनगटाला पट्टा बांधला. एरवी किलोमीटरला साडेसहा मिनिटं लागतात, काल साडेसात लागली. पण वेग वाढला की लॉक असूनही पुढचं चाक थरथरतं आणि गाडी डावीकडे ओढते. चाक सरळ कसं करायचं? आणि तुम्ही बाळाला कितव्या महिन्यात घेऊन धावलात?