पत्ता बरोबर, नेटवर्क चुकीचं

“पत्ता दोनदा जुळवला, तरी म्हापशातल्या मित्राला पाठवलेले यूएसडीटी क्रिप्टो टोकन दिसत नाहीत. असं कसं?”

इथेरियम आणि बीएनबी स्मार्ट चेन या दोन्ही नेटवर्कवर 0x ने सुरू होणारा तोच पत्ता चालतो, म्हणून वॉलेट अडवत नाही. फोंड्यात माझंही असंच झालं. एक्सचेंजने ERC20, म्हणजे इथेरियम, सांगितलं होतं, मी BEP20, म्हणजे बीएनबी स्मार्ट चेन, निवडलं. चेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या एक्सप्लोररवर ‘Success’, खात्यात शून्य. कारण त्या चेनवर एक्सचेंजवाले बघतच नव्हते.

मित्राचं स्वतःचं वॉलेट असेल तर त्याने त्यात दुसरं नेटवर्क जोडून बघावं, पैसे तिथेच सापडतील. एक्सचेंजचा पत्ता असेल तर पैसे हलवणारी खासगी किल्ली त्यांच्याकडे. मग विनवण्या करत बसा.

आता मी आधी थोडेच पाठवतो, मात्र एक्सचेंजच्या किमान जमा मर्यादेपेक्षा जास्त, नाहीतर तेही दिसत नाहीत. समोरच्याच्या शिल्लकेत आल्यावरच उरलेले, त्याच नेटवर्कवरून.