मदत हवी आहे: 'शक्यता' असलेले निष्कर्ष वेन आकृतीने कसे तपासायचे?

लातूरकर_तयारी: बँक क्लार्क पूर्वपरीक्षेची तयारी चालू आहे. सराव पेपरातला हा प्रश्न बघा.
विधाने: काही पेन पेन्सिली आहेत. सर्व पेन्सिली खोडरबर आहेत. एकही खोडरबर वही नाही.
निष्कर्ष: १) सर्व पेन वह्या असण्याची शक्यता आहे. २) सर्व खोडरबर पेन असण्याची शक्यता आहे.
उत्तर दिलंय, फक्त दुसरा बरोबर. पेन आणि वही यांच्यात थेट काहीच सांगितलेलं नाही, मग पहिला का चुकला?

साधा_माणूस: पेन कधी वही असतं का राव! म्हणून चूक.

गणित_मास्तर: तसं बघायचं नसतं हो, नाहीतर पेन पेन्सिल तरी कुठे असतं? विधानं खरी धरूनच चालायचं.
लातूरकर, पेन आणि पेन्सिल यांचा सामाईक तुकडा आधी काढा. सगळ्या पेन्सिली खोडरबरात आहेत, म्हणजे तो तुकडाही खोडरबरात गेला. खोडरबर आणि वही तर पूर्ण वेगळे. आता पेनचं अख्खं वर्तुळ वहीत कोंबून बघा. तो तुकडा बाहेर राहतोच, म्हणून पहिला गेला. दुसऱ्यासाठी पेनचं वर्तुळ एवढं मोठं काढा की खोडरबर पूर्ण त्यात मावेल. एकही विधान मोडत नाही, म्हणून बरोबर.
शक्यता असेल तर चालणारं एक चित्र मिळालं तरी पुरे. शक्यता शब्द नसेल तर उलटं करा, निष्कर्ष खोटा पाडणारं चित्र शोधा. ते सापडलं की निष्कर्ष बाद.

बँकवेडी: मी सोपं करते. 'काही आहेत' म्हटलं की 'काही नाहीत' आपोआप आलंच. त्यामुळे 'सर्व पेन पेन्सिली असण्याची शक्यता' दिसली की सरळ चूक धरायची.

गणित_मास्तर: हे 'फक्त काही पेन पेन्सिली आहेत' असेल तेव्हा खरं. नुसत्या 'काही'त सगळे असायला आडकाठी नाही. लातूरकरच्या प्रश्नात पेनचं वर्तुळ पूर्ण पेन्सिलीत काढा, तिन्ही विधानं टिकतात. म्हणजे शक्यता आहेच.

बँकवेडी: अच्छा, मी दोन्ही एकच समजत होते. पण २० मिनिटांत ३५ प्रश्न, इतकी चित्रं काढायला वेळ कुठून आणायचा?

गणित_मास्तर: चित्र एकच काढायचं. जे पक्कं आहे ते गडद रेघेने, जे सरकू शकतं ते तुटक रेघेने. प्रत्येक निष्कर्षाला तुटक वर्तुळच हलवून बघायचं.

लातूरकर_तयारी: पहिल्याचं कळलं, तो तुकडा मी पेन्सिलीतच सोडून दिला होता. अजून एक. याच विधानांवर 'काही पेन खोडरबर असण्याची शक्यता आहे' आलं तर? ते तर पक्कंच आहे ना?

गणित_मास्तर: इथे मतभेद आहेत. तर्काने पक्कं ते शक्यही असतंच, म्हणून मी बरोबर धरतो. काही क्लासवाले मात्र 'पक्कं असेल तर शक्यता म्हणायची नाही' असं शिकवतात आणि तो निष्कर्ष चूक देतात.

बँकवेडी: आमच्या क्लासमध्ये चूकच धरायला सांगितलंय. परीक्षेत असा पर्याय आलेला कुणाला आठवतोय का?