शाळेच्या बसचं शुल्क: 40 आसनांनी भागायचं की 34 मुलांनी?

समितीतली आई: शाळेची एकच बस आहे, 40 आसनी. सध्या 34 मुलं येतात. वर्षाचा सगळा खर्च 100 धरला तर चालक-मदतनीसांचे पगार 38, डिझेल 27, पुढे नवी बस घेण्यासाठी बाजूला काढायचे 17, दुरुस्ती आणि टायर 8, विमा-कर-तपासणी 7, बदली बस वगैरे 3. बस रोज 64 किमी धावते. शुल्क 10 महिने घेतो. मुलामागे महिन्याचं किती धरावं, आणि सगळ्यांना सारखं की अंतराप्रमाणे?

फेरीवाला: अनेक वर्षं शाळेच्या बस चालवायला देतोय, म्हणून आधी भागाकाराबद्दल बोलतो. बहुतेक ठिकाणी वर्षाचा खर्च 12 महिन्यांनी आणि 40 आसनांनी भागतात, कारण कागदावर ते स्वच्छ दिसतं. तसं केलं तर महिन्याला मुलामागे 0.208 येतं. पण पैसे देणार 34 मुलं, तीही 10 महिने. म्हणजे जमा होतात 71. उरलेले 29 कुठून आणणार? पगार थांबवता येत नाहीत, डिझेल उधारीवर फार दिवस मिळत नाही, विम्याची तारीख पुढे ढकलता येत नाही. मग हात पडतो बस बदलण्याच्या 17 वर आणि टायरवर. पहिली दोन वर्षं कुणाला काही कळत नाही, बस धावतेच आहे. कळतं तेव्हा टायरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली असते आणि नव्या बसच्या खात्यात काही नसतं.

34 मुलं आणि 10 महिने धरले तर 0.294 येतं. मी 32 धरेन, कारण वर्षाच्या मध्यात दोन-तीन मुलं गळतातच. मग 0.3125.

दोन थांबे अलीकडे: 32 का? उरलेल्या मुलांनी गळणाऱ्यांचे पैसे भरायचे? आमचं घर शाळेपासून दोन किलोमीटरवर आहे. माझी मुलगी बसमध्ये जेमतेम दहा मिनिटं बसते, आणि शुल्क मात्र 16 किलोमीटरवरून येणाऱ्या मुलाइतकंच. माझं मत स्पष्ट आहे, किलोमीटरप्रमाणे घ्या.

फेरीवाला: तुमची तक्रार रास्त आहे, पण उपाय उलटा पडेल. ताई, बसची फेरी नेमकी कशी आहे?

समितीतली आई: सकाळी बस उभी असते तिथून पहिला थांबा 7 किमी, तिथून शाळा 16, आणि मुलांना उतरवून बस परत जागेवर जाते ते 9. दुपारी हेच उलट.

फेरीवाला: म्हणजे 64 पैकी 32 किमी बस रिकामी धावते. त्या रिकाम्या किलोमीटरचं भाडं कुणाच्या घरावर लावायचं? आता सगळ्यात लांबचा थांबा घ्या. समजा तिथे तीन मुलं आहेत आणि तो थांबा बंद केला तर जाता-येता मिळून रोज 8 किमी वाचतात. डिझेल आणि दुरुस्ती मिळून 35 च्या आठव्या भागाची बचत, म्हणजे 4.4. पण त्या तिघांचं वर्षाचं शुल्क 8.8 होतं. ते गेले की उरलेल्या 31 जणांवर 95.6 पडतात, प्रत्येकी 2.94 ऐवजी 3.08. लांबची मुलं गेली तर जवळच्यांचं शुल्क वाढतं, दादा. त्या थांब्यावर एकच मूल असतं तर मात्र हिशोब उलटा झाला असता, ती फेरी तोट्याचीच.

दोन थांबे अलीकडे: हे फक्त आसनं रिकामी आहेत तोवर खरं. बस भरली की लांबचा मुलगा जवळच्याची जागा अडवतो. आणि जवळच्यांना परवडेनासं झालं तर ते सायकलने जातील, मग काय कराल?

फेरीवाला: दोन्ही मुद्दे मान्य. जवळची सहा मुलं गेली तर खर्च जवळपास एका पैशाने कमी होत नाही, बस त्याच रस्त्याने जाणार. म्हणून जवळच्यांना थोडी सूट देऊन टिकवणं फायद्याचं. 34 पैकी 14 जवळची धरू. त्यांना लांबच्यांपेक्षा 15 टक्के कमी लावलं, तर लांबच्यांचं वर्षाचं 2.94 वरून 3.13 होतं आणि जवळच्यांचं 2.66 वर येतं. याहून मोठा फरक केला तर लांबची मुलं खाजगी गाडीकडे वळतात, मग वरचाच हिशोब पुन्हा.

सकाळची आई: माझा मुलगा फक्त सकाळी बसने जातो, दुपारी आजोबा आणतात. निम्मं शुल्क का घेत नाहीत? तीन वेळा विचारलं, शाळा उत्तर देत नाही.

समितीतली आई: ताई, दुपारी ती जागा दुसऱ्या कुणाला देता आली तरच निम्मं परवडतं. दुपारपुरतं येणारं एखादं मूल तुमच्या बाजूला आहे का? तशी जोडी लागली तर सांगा, समितीपुढे ठेवते.

पेट्रोलपंपाजवळचा: एवढं कशाला करता? शुल्क डिझेलच्या दराला बांधून टाका. डिझेल 10 टक्के चढलं की शुल्क 10 टक्के, उतरलं की तेवढंच कमी. पालकांना लगेच पटतं.

फेरीवाला: बांधायला हरकत नाही, पण सगळं शुल्क नाही. डिझेल 100 पैकी 27 आहे. ते 10 टक्के वाढलं तर खर्च 2.7 टक्के वाढतो. 10 टक्के वाढवलंत तर पालक कधीतरी हिशोब मागणारच. पगार आणि विमा वर्षातून एकदा वाढतात, त्यांचं वर्षाच्या सुरुवातीलाच धरा.

आणि 27 हा आकडा खरा आहे का, ते आधी तपासा. टाकी काठोकाठ भरा, मीटर लिहा, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर गेलं ते लिहा. महिनाभर असं केलं की किलोमीटर प्रति लिटर नक्की कळतं. थांब्यावर इंजिन चालू ठेवायची सवय असेल तर आकडा पडलेला दिसेल. अचानक पडला तर इंजिन, टायरमधली हवा आणि डिझेलचं माप, तिन्ही बघा.

समितीतली आई: सकाळच्या फेरीनंतर बस शाळेतच उभी ठेवली तर?

फेरीवाला: रोजचे 18 किमी वाचतील, 64 पैकी. नुसत्या डिझेलमध्ये साडेसात भाग. तुमच्या सगळ्या सवलती त्यातून निघतील.

चालकाचा मुलगा: माझे वडील शाळेची बस चालवतात, म्हणून लिहितो. बस शाळेत ठेवली तर चालक चार-पाच तास कुठे बसणार? घरी गेले तर जायचा-यायचा खर्च त्यांच्या खिशातून. बसायला जागा आणि प्रवासभत्ता धरूनच बचत मोजा, नाहीतर तुमचे साडेसात त्यांच्या पगारातून गेलेले असतील.

समितीतली आई: बरोबर आहे, भत्ता धरून पुन्हा मांडते. 32 मुलं आणि 10 महिने हे मला पटलं. जवळचे आणि लांबचे असं दोन टप्प्यांचं शुल्क बैठकीत ठेवते.

दोन थांबे अलीकडे: मला अजून ते 17 पटत नाहीत. माझी मुलगी दोन वर्षांत शाळा सोडेल. नवी बस सहा वर्षांनी येणार, तिचे पैसे मी का भरायचे?

फेरीवाला: कारण ती आज ज्या बसमध्ये बसते, ती झिजतेच आहे, आणि त्या झिजेत तिचाही वाटा आहे. पण सध्याची बस देणगीतून आली असेल तर तुमचं म्हणणं वजनदार आहे. ताई, बस कशी घेतली होती?

समितीतली आई: निम्मी देणगी, निम्मं कर्ज. कर्ज फिटलं.

दोन थांबे अलीकडे: मग 17 चे निम्मे करा.

फेरीवाला: पुढची बसही निम्मी देणगीतून येईल, असं कुणी लिहून दिलं तर करा.